स्ट्रॅप आणि स्ट्रिप : स्ट्रॅडलला दिलेला तेजी-मंदीचा कल

एखाद्या ठरलेल्या दिवशी मोठी घडामोड होणार आहे, हे साऱ्या बाजाराला ठाऊक असते. निवडणुकीची मतमोजणी, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचे पतधोरण किंवा एखाद्या कंपनीचे तिमाही निकाल ही त्याची नेहमीची उदाहरणे. भाव हलणार याची खात्री वाटते, पण कोणत्या बाजूला हलणार हे ठामपणे सांगता येत नाही. अशा वेळी ऑप्शन बाजारात जे डावपेच वापरले जातात, त्यांपैकी सर्वांत परिचित म्हणजे ‘स्ट्रॅडल’. त्याच स्ट्रॅडलमध्ये तेजीकडे थोडे अधिक वजन टाकले की ‘स्ट्रॅप’ तयार होतो आणि मंदीकडे टाकले की ‘स्ट्रिप’. दोन्ही नावे सारखी वाटत असल्याने त्यांची अनेकदा गल्लत होते. प्रत्यक्षात त्यांच्यातील फरक एकाच गोष्टीत आहे : जादा ऑप्शन कॉलचा घेतला की पुटचा.

रचना

कॉल ऑप्शन घेणाऱ्याला ठरलेल्या किमतीला खरेदी करण्याचा हक्क मिळतो, तर पुट घेणाऱ्याला ठरलेल्या किमतीला विक्री करण्याचा. या ठरलेल्या किमतीला स्ट्राइक म्हणतात आणि हक्कासाठी मोजलेल्या रकमेला प्रीमियम. निफ्टीसारख्या निर्देशांकावरील ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष काही हातात येत नाही. मुदतीच्या दिवशी स्ट्राइक आणि निर्देशांक यांतील फरक रोखीने मिळतो. फरक आपल्या बाजूचा नसेल तर काहीही मिळत नाही आणि भरलेला प्रीमियम गेला, एवढेच.

स्ट्रॅडलमध्ये एकाच स्ट्राइकचा आणि एकाच मुदतीचा एक कॉल व एक पुट घेतला जातो. स्ट्राइक साधारणतः चालू भावाजवळचा असतो. भाव वर गेला तर कॉल कमावतो, खाली गेला तर पुट. स्ट्रॅपमध्ये त्याच स्ट्राइकचे दोन कॉल आणि एक पुट असतो. स्ट्रिपमध्ये एक कॉल आणि दोन पुट. तिन्ही डावपेचांत सर्व ऑप्शन विकत घेतलेले असतात, विकलेला एकही नसतो. त्यामुळे जास्तीत जास्त तोटा म्हणजे भरलेला एकूण प्रीमियम. त्यापलीकडे खिशातून काही जात नाही.

या रचनेत एक गृहीतक दडलेले आहे. स्ट्रॅप घेणारा ‘भाव वर जाईल’ एवढेच म्हणत नाही. त्याचे म्हणणे असे असते की, भाव बहुधा वर जाईल, पण आपला अंदाज चुकला तर तो जोरात खाली येईल. स्ट्रिप घेणाऱ्याचे म्हणणे याच्या नेमके उलट. अंदाज चुकला तर भाव जागच्या जागी राहील, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी हे दोन्ही डावपेच नाहीत.

४ जून २०२४ची मतमोजणी

हे सारे कसे घडते, हे पाहण्यासाठी जून २०२४मधील लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीचा आठवडा उत्तम आहे. १ जूनच्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला मोठे बहुमत दाखवले. सोमवारी, ३ जून रोजी निफ्टी सव्वातीन टक्क्यांनी उसळून २३,२६३.९० अंकांवर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी होती आणि चालू साप्ताहिक ऑप्शनची मुदत गुरुवारी, ६ जूनला संपणार होती. तेव्हा निफ्टीचा एक लॉट २५ युनिटचा होता.

त्या सोमवारी संध्याकाळी बाजाराकडे पाहणारे तिघे जण कल्पून पाहू. पहिल्याला दिशेविषयी काहीच मत नाही. तो स्ट्रॅडल घेतो. दुसऱ्याचा मतदानोत्तर चाचण्यांवर विश्वास आहे, पण त्या खोट्या ठरल्या तर हाहाकार होईल हेही त्याला कळते. तो स्ट्रॅप घेतो. तिसऱ्याला वाटते की, चांगली बातमी सोमवारच्या उसळीतच भावात उतरली आहे, आता धक्का बसला तर तो खालच्या बाजूलाच बसेल. तो स्ट्रिप घेतो. तिघेही २३,२५०चा स्ट्राइक निवडतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून कॉलचा प्रीमियम ३२० रुपये आणि पुटचा ३०० रुपये धरू. हे दोन आकडे नमुन्याचे आहेत. निर्देशांकाचे आकडे मात्र त्या त्या दिवशीचे प्रत्यक्ष बंद भाव आहेत. दलाली, कर आणि इतर शुल्क या हिशेबाबाहेर ठेवले आहेत.

स्ट्रॅडलवाल्याने प्रति युनिट ६२० रुपये मोजले. मुदतीच्या दिवशी त्याचा खर्च भरून निघायचा असेल, तर निफ्टी २३,८७०च्या वर किंवा २२,६३०च्या खाली असायला हवा. दोन्ही बाजूंना सारखेच, ६२० अंकांचे अंतर.

स्ट्रॅपवाल्याने दोन कॉलचे ६४० आणि पुटचे ३०० असे ९४० रुपये मोजले. वरच्या बाजूला त्याच्याकडे दोन कॉल असल्याने निर्देशांकाच्या प्रत्येक अंकामागे त्याला दोन रुपये मिळतात. म्हणून खर्च निघायला ९४०च्या निम्मे, म्हणजे ४७० अंक पुरेत. त्याची वरची पातळी २३,७२०. खालच्या बाजूला मात्र एकटा पुट आहे आणि त्याला संपूर्ण ९४० रुपये भरून काढायचे आहेत. खालची पातळी २२,३१०. निर्देशांक दोन टक्के चढला तरी त्याचे भागते, पण उतरला तर चार टक्क्यांहून अधिक उतरावा लागतो.

स्ट्रिपवाल्याचा खर्च एका कॉलचे ३२० आणि दोन पुटचे ६०० मिळून ९२० रुपये. त्याची खालची पातळी ४६० अंकांवर, म्हणजे २२,७९०ला येते, तर वरची पातळी तब्बल ९२० अंक दूर, २४,१७०ला जाते.

या आकड्यांतून एक गोष्ट लगेच दिसते. आवडीच्या बाजूची पातळी जवळ आणण्याची किंमत नावडीच्या बाजूला मोजावी लागते. स्ट्रॅडलच्या तुलनेत स्ट्रॅपची वरची पातळी १५० अंकांनी जवळ आली, पण खालची ३२० अंकांनी लांब गेली. हे ३२० म्हणजे नेमका जादा कॉलचा प्रीमियम. निर्देशांक मुदतीला २३,२५०वर जसाच्या तसा राहिला असता, तर स्ट्रॅडलवाल्याचे एका लॉटमागे १५,५०० रुपये बुडाले असते, स्ट्रॅपवाल्याचे २३,५०० आणि स्ट्रिपवाल्याचे २३,०००.

दीड स्ट्रॅडल आणि अर्धा वायदा

स्ट्रॅप घेताना आपण नेमके काय विकत घेतो, हे समजून घेण्याची एक सोपी रीत आहे. एकाच स्ट्राइकचा आणि मुदतीचा कॉल घेऊन पुट विकला, तर त्याचे वागणे निर्देशांकाच्या खरेदी केलेल्या वायद्यासारखे, म्हणजे फ्युचरसारखे असते. हे लक्षात ठेवले की दोन कॉल आणि एक पुट यांची फोड अशी करता येते : दीड कॉल आणि दीड पुट, म्हणजे दीड स्ट्रॅडल, शिवाय अर्धा कॉल खरेदी आणि अर्धा पुट विक्री, म्हणजे अर्धा वायदा. वरच्या आकड्यांवर हे ताडून पाहता येते. दीड स्ट्रॅडलचे ९३० रुपये आणि अर्ध्या वायद्यासाठी कॉल व पुट यांतील २० रुपयांच्या फरकाचे निम्मे १० रुपये, मिळून ९४०. स्ट्रिप म्हणजे दीड स्ट्रॅडल आणि अर्ध्या वायद्याची विक्री. ९३०मधून १० वजा केले की ९२०.

ही फोड केवळ गणिताची गंमत नाही. तिच्यामुळे दोन गैरसमज दूर होतात. पहिला असा की, स्ट्रॅप हा स्ट्रॅडलचा सुधारलेला अवतार आहे. तो तसा नाही. स्ट्रॅडलमध्ये नसलेले दिशेचे मत त्याच्यात आहे आणि भावाच्या हालचालीवर लावलेली रकमही दीडपट आहे. एक स्ट्रॅडल आणि एक स्ट्रॅप यांचा नफा समोरासमोर ठेवणे म्हणूनच फसवे ठरते. तुलना करायची तर दोन स्ट्रॅप आणि तीन स्ट्रॅडल यांची करावी. दुसरा गैरसमज असा की, ‘कॉल स्वस्त आहेत म्हणून स्ट्रॅप घ्यावा’. एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटच्या भावांतील फरक वायद्याच्या भावाशी बांधलेला असतो. त्यात मोठी तफावत पडली तर बाजारातील चाणाक्ष व्यवहारकर्ते ती लगेच भरून काढतात. कॉल स्वस्त दिसतो तेव्हा बहुधा वायदाच खाली असतो. स्ट्रॅप घेण्याचे कारण भावात नव्हे, स्वतःच्या मतातच असावे लागते.

निकालाच्या दिवशी

४ जून रोजी चाचण्यांचे आकडे खोटे ठरले. भारतीय जनता पक्ष २४० जागांवर थांबला, त्याच्या आघाडीला २९३ जागा मिळाल्या. निफ्टी एका दिवसात १,३७९.४० अंकांनी, म्हणजे ५.९३ टक्क्यांनी कोसळून २१,८८४.५० अंकांवर बंद झाला.

२३,२५०चा पुट त्या संध्याकाळी किमान १,३६५.५० रुपयांचा झाला होता. मुदतीला दोन दिवस बाकी असल्याने त्याहून अधिक भाव मिळणे शक्य होते, पण तो भाग सोडून देऊ. स्ट्रॅडलवाल्याचा नफा प्रति युनिट ७४५.५० रुपये, म्हणजे लॉटमागे सुमारे १८,६०० रुपये झाला. स्ट्रिपवाल्याचे दोन पुट मिळून २,७३१ रुपयांचे झाले. ९२०चा खर्च वजा जाता १,८११ रुपये, म्हणजे लॉटमागे सुमारे ४५,३०० रुपये.

खरा धडा स्ट्रॅपवाल्याच्या हिशेबात आहे. त्याचा अंदाज साफ चुकला होता. तरीही त्याच्या एकट्या पुटने ९४० रुपयांचा सगळा खर्च भरून काढून ४२५.५० रुपये वर दिले, म्हणजे लॉटमागे सुमारे १०,६०० रुपये. त्याने केवळ दोन कॉल घेतले असते, तर ६४० रुपये जवळपास पूर्ण बुडाले असते. ‘आपण चुकलो तर हाहाकार होईल’ हे त्याच्या विचारातील दुसरे वाक्य खरे ठरले आणि त्याच वाक्यासाठी मोजलेल्या ३०० रुपयांनी त्याला तारले.

गुरुवारपर्यंत थांबलेल्यांचे काय झाले

पण हा नफा ४ जूनच्या संध्याकाळचा आहे. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत. त्यांचा हक्क मुदतीच्या दिवशीच बजावता येतो. आधी नफा हवा असेल तर ऑप्शन बाजारात विकूनच तो घ्यावा लागतो. बुधवारी, ५ जूनला निफ्टी ७३५ अंकांनी सावरून २२,६२०.३५वर आला आणि गुरुवारी २२,८२१.४०वर बंद झाला. २३,२५०चा पुट आता फक्त ४२८.६० रुपयांचा उरला होता आणि कॉल शून्यावर गेला होता.

जे काहीही न विकता गुरुवारपर्यंत थांबले, त्यांच्यापैकी स्ट्रॅडलवाल्याला प्रति युनिट १९१.४० रुपये तोटा झाला, स्ट्रॅपवाल्याला ५११.४० रुपये. आणि ज्याने दिशा अचूक ओळखली होती त्या स्ट्रिपवाल्याचे दोन पुट मिळून ८५७.२० रुपयांचे भरले. ९२०च्या खर्चापुढे तेही अपुरे. दोन दिवसांपूर्वी प्रति युनिट १,८११ रुपये नफ्यात असलेला माणूस ६२.८० रुपये तोट्यात गेला. शुक्रवारी, ७ जूनला निफ्टी पुन्हा २३,२९०.१५वर पोचला, म्हणजे मतमोजणीआधीच्या पातळीच्याही वर. चुकलेला कल शेवटी बरोबर ठरला, पण तोवर स्ट्रॅपवाल्याचे कॉल एक दिवस आधीच संपले होते.

म्हणून घटना घडून गेल्यावर काय करायचे, हे घेतानाच ठरवलेले असावे लागते. जादा ऑप्शनचा एक उपयोग इथे होतो. स्ट्रिपवाल्याने ४ जूनच्या संध्याकाळी दोनपैकी एकच पुट १,३६५.५० रुपयांना विकला असता, तर सर्व ९२० रुपये वसूल होऊन ४४५.५० रुपये हातात राहिले असते आणि उरलेला एक कॉल व एक पुट, म्हणजे एक संपूर्ण स्ट्रॅडल, फुकटात पुढे चालला असता. गुरुवारी त्याचे ४२८.६० रुपये आणखी मिळून एकूण नफा ८७४.१० रुपये, लॉटमागे सुमारे २१,८५० रुपये झाला असता. दोन्ही पुट विकण्यापेक्षा हे कमी, पण काहीच न विकण्यापेक्षा कितीतरी बरे. घटना संपली की तिच्यासाठी घेतलेला जादा भाग आधी मोकळा करावा, असा हा विचार आहे.

प्रीमियममधील हवा

या डावपेचांचा नेहमीचा शत्रू उलटी दिशा नव्हे, तर शांतता होय. घटनेपूर्वी सर्वांनाच हालचाल अपेक्षित असते, त्यामुळे प्रीमियम फुगलेले असतात. या अपेक्षित चढउताराला बाजारात ‘इम्प्लाइड व्होलाटिलिटी’ म्हणतात. निकाल लागला की अनिश्चितता संपते आणि ही हवा काही तासांत निघून जाते.

समजा, ४ जूनला चाचण्यांप्रमाणेच निकाल लागून निफ्टी होता तिथेच राहिला असता. मुदतीला दोन दिवस बाकी असूनही ३२०चा कॉल १५०वर आणि ३००चा पुट १३५वर येणे अगदी स्वाभाविक होते. स्ट्रॅपची किंमत ९४०वरून ४३५ झाली असती. एका रात्रीत लॉटमागे १२,६०० रुपयांहून अधिक तोटा आणि तोही निकाल मनासारखा लागूनच. स्ट्रॅप व स्ट्रिपमध्ये तीन ऑप्शन असल्याने ही गळती स्ट्रॅडलच्या साधारण दीडपट असते.

घेण्यापूर्वी हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कॉल आणि पुट यांच्या प्रीमियमची बेरीज करून तिला निर्देशांकाने भागावे. वरच्या उदाहरणात ६२० भागिले २३,२६४, म्हणजे सुमारे २.७ टक्के. मुदतीपर्यंत निर्देशांक साधारण एवढा हलेल, असे बाजारानेच धरले आहे. आपल्या मते त्याहून मोठी हालचाल होणार नसेल, तर दिशेचा अंदाज कितीही चांगला असला तरी स्ट्रॅप महाग पडतो. तेव्हा साधा कॉल, किंवा एक कॉल घेऊन त्यावरच्या स्ट्राइकचा दुसरा विकणे, हे कमी खर्चाचे असते.

मर्यादा

कागदावर हिशेब नीट बसला, तरी प्रत्यक्षात तो अडू शकतो. मे २००४मध्ये निवडणूक निकालानंतरच्या सोमवारी, १७ मे रोजी निफ्टी सुमारे १२ टक्के पडला. १८ मे २००९ रोजी तो १७ टक्क्यांहून अधिक वर गेला. दोन्ही वेळा निकालाने अंदाज उधळले, पण दिशा परस्परविरुद्ध होत्या. केवळ मागचा अनुभव पाहून कल ठरवणारा दुसऱ्या वेळी फसला असता. शिवाय २००९च्या त्या दिवशी वरचे सर्किट लागून काही क्षणांतच व्यवहार थांबले आणि दिवसभरासाठी बंद झाले. ऑप्शन कागदावर कितीही नफ्यात असला, तरी त्या दिवशी तो विकायला बाजारच उरला नाही.

एकेका कंपनीच्या शेअरवर, तिमाही निकालाच्या निमित्ताने हे डावपेच करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतात शेअरवरील ऑप्शनचा निपटारा रोखीने नव्हे, प्रत्यक्ष शेअरच्या देवघेवीने होतो. स्ट्रॅपचे दोन कॉल मुदतीला नफ्यात राहिले, तर दोन लॉट शेअरची पूर्ण किंमत भरून ते उचलावे लागतात. स्ट्रिपचे दोन पुट नफ्यात राहिले, तर दोन लॉट शेअर द्यावे लागतात. तेवढे पैसे किंवा शेअर जवळ नसतील, तर मुदतीपूर्वीच व्यवहार बंद करणे भाग असते. ‘तोटा प्रीमियमपुरताच’ हे वाक्य मुदतीच्या आधी बाहेर पडणाऱ्यालाच पूर्णपणे लागू पडते.

तिन्ही डावपेचांतील निवड अखेर दोन प्रश्नांवर येऊन थांबते. बाजाराने धरली आहे त्याहून मोठी हालचाल होईल काय? आणि एका बाजूची शक्यता दुसरीपेक्षा खरोखरच अधिक वाटते काय? पहिल्याचे उत्तर नाही असेल, तर तिन्ही टाळावेत. पहिल्याचे होय आणि दुसऱ्याचे नाही असेल, तर स्ट्रॅडल. दोन्हींचे उत्तर होय असेल, तेव्हाच तेजीसाठी स्ट्रॅप किंवा मंदीसाठी स्ट्रिप विचारात घ्यावा, आणि बाहेर पडण्याचा दिवस त्याच कागदावर लिहून ठेवावा.